वाळा, देवगांडूळ आणि मोठे गांडूळ : नागपूर परिसरातील छायाचित्रांवरून ओळख

जूनमध्ये नागपुरात पहिला दमदार पाऊस झाला की काळ्या मातीच्या भेगा पाण्याने भरतात आणि जमिनीखालचे बारीक, लांबट जीव अंगणात, न्हाणीघराच्या मोरीजवळ, कुंड्यांखाली दिसू लागतात. त्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो पाहून तीन नावे सुचवली जातात : वाळा म्हणजे आंधळा साप, देवगांडूळ, नाहीतर मोठे गांडूळ. वाळा हा सरपटणारा प्राणी आहे. देवगांडूळ हा बिनपायाचा उभयचर, म्हणजे बेडकांचा नातलग. गांडुळाला कणाच नसतो.

यांपैकी देवगांडुळाचे नाव नागपुरात फार सहज घेतले जाते. भारतातली देवगांडुळे मुख्यतः पश्चिम घाटात आणि ईशान्येत आढळतात. पूर्व घाटातूनही एक जात 2015 मध्ये नोंदली गेली. महाराष्ट्रातल्या जाती खंडाळा, सातारा, सिंधुदुर्ग अशा सह्याद्रीच्या ओल्या पट्ट्यातल्या आहेत. म्हणून फोटो कुठे काढला, हे आधी विचारावे. कोकणातून पुढे पाठवत आलेला फोटो ‘आपल्या गल्लीतला’ म्हणून फिरतो, तेव्हा सगळी ओळख तिथेच चुकते. फोटो खरोखर नागपूरचा असेल, तर निवड बहुतेक वेळा वाळा आणि गांडूळ या दोघांतच असते.

ही निवड अंगावरच्या चकाकीवरून होते. वाळ्याचे अंग गुळगुळीत, एकावर एक बसलेल्या बारीक खवल्यांचे असते आणि पाठीचे व पोटाचे खवले सारख्याच आकाराचे असतात. त्यामुळे प्रकाश अंगावर जाळीसारख्या बारीक ठिपक्यांत तुटतो. गांडुळाच्या अंगावर आडव्या खाचा असतात, म्हणून तिथे चकाकी कड्यांकड्यांनी तुटते. देवगांडुळाच्या अंगावरही कडीच दिसतात आणि गोंधळाचे मूळ हेच आहे. पण त्याचे डोके कवटीचे, घट्ट असते. बाजूने पाहिले तर जबड्याची रेघ आणि नाकपुड्या दिसतात. गांडुळाला जबडा नसतो, त्याचे पुढचे टोक नुसते निमुळते होते. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या पुढच्या भागात वेगळ्या रंगाचा एक गुळगुळीत पट्टाही असतो. तो दिसला की प्रश्न मिटला. मात्र पिल्लाला तो नसतो, तेव्हा पट्टा नाही म्हणून गांडूळ नाही, असे म्हणता येत नाही.

डोळ्यांवर लोक फार भर देतात. वाळ्याचे डोळे खवल्याखालचे दोन काळे ठिपके असतात, पण काही देवगांडुळांचेही तसेच दिसतात. ठिपक्यांमुळे गांडूळ बाद होते, एवढेच.

एक उदाहरण घेऊ. मानेवाड्यातल्या एका गच्चीवर, कुंडी उचलल्यावर काढलेला फोटो आहे असे समजा. जीव काळपट, ओला. शेजारी दहा रुपयांचे नाणे. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर आणि जीव साधारण पाच नाण्यांइतका, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. एवढ्या लांबीचे गांडूळही असते आणि वाळाही, त्यामुळे लांबीवरून काही ठरत नाही. आता जाडी पाहा. गांडूळ ताणते आणि आखडते, म्हणून एकाच फोटोत त्याचा एक भाग बारीक, दुसरा जाड दिसतो. इथे जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी आहे आणि अंगाला नागमोडी वळणे आहेत. फोटो मोठा केल्यावर एका बोथट टोकाला बारीकसा काटा दिसतो. ते शेपूट. हा वाळा, आणि आकार व कुंडी पाहता बहुधा इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस. ही जात मुंग्या-वाळवीची अंडी व अळ्या खाते, कुंड्यांच्या मातीतून जगभर पसरली आहे आणि तिच्यात फक्त माद्याच असतात.

पेन्सिलीएवढा जाड आणि हातभर लांब जीव दिसला की देवगांडुळाची आठवण हमखास होते. पण चोचीचा वाळा 60 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तो दक्षिण भारतीय पठाराचाच रहिवासी आहे. त्याच्या मुस्कटाचे टोक चोचीसारखे खाली वळलेले असते, म्हणून डोक्याचा बाजूने काढलेला फोटो मागावा.

पुढे पाठवताना दाबला गेलेला फोटो खवले आणि खाचा दोन्ही पुसून टाकतो. ओल्या फरशीवर फ्लॅश मारला तर पाठीवर एकच पांढरी पट्टी उरते. अशा वेळी मूळ फाइल आणि फ्लॅशशिवायचा फोटो मागावा. तो मिळेपर्यंत ‘वाळा किंवा गांडूळ’ एवढेच लिहिणे बरोबर. पोट दिसत असेल आणि त्यावर रुंद आडव्या पट्ट्यांसारखे खवले असतील, तर तो वाळा नव्हे. ते दुसऱ्या एखाद्या सापाचे पिल्लू असू शकते आणि विषारीही असू शकते, म्हणून आणखी जवळचा फोटो मागू नये, हात लावायला तर मुळीच सांगू नये.