लॉकरचं भाडं म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे

‘लॉकरचं भाडं भरतो म्हणजे आतल्या दागिन्यांचा विमा झालाच. चोरी झाली तर बँक पूर्ण किंमत देते.’

भाडं फक्त जागेचं असतं. आपण आत काय ठेवलं याची बँक यादी करत नाही, मग किंमत कशाच्या आधारे ठरवणार? म्हणून भारतात १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनी बँकेची जबाबदारी भाड्यालाच जोडली आहे. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक, यांत नुकसान झालं तर चालू वार्षिक भाड्याच्या १०० पट रकमेपर्यंत बँक जबाबदार असते. भाडं ३,००० रुपये असेल, तर मर्यादा ३ लाख. आत १२ लाखांचं सोनं होतं, तर उरलेल्या ९ लाखांना आधार नाही. मला यातली ही दरीच सर्वांत काळजीची वाटते.

पूर, भूकंप, वीज पडणं यांत बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर तेवढंही मिळत नाही.

भाड्याची पावती काढा, आकड्याला १०० ने गुणा, मग लॉकर करारातलं जबाबदारीचं कलम वाचा. दागिन्यांचा वेगळा विमा विमा कंपनीकडूनच घ्यावा लागतो. पॉलिसीत ‘बँक लॉकरमधील वस्तू’ असा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहा. दागिन्यांचे फोटो आणि खरेदीच्या पावत्या मात्र लॉकरबाहेर ठेवा.