‘बजेट किती?’ हा प्रश्न आला कुठून

‘पार्टी पक्की आहे का?’ हे नाशिकच्या अंबड-सातपूरमध्ये कोटेशन काढण्याआधी विचारलं जातंच. त्याचंच बांधीव रूप म्हणजे ‘बँट’: बजेट, अधिकार, गरज आणि वेळ. हे सूत्र आयबीएमच्या विक्री विभागाचं, साधारण १९५०-६० च्या दशकांतलं मानलं जातं. तेव्हाचा संगणक खोली व्यापणारा आणि बहुधा मासिक भाड्यानं दिलेला. एका गिऱ्हाइकामागे विक्रेत्याचे महिने जायचे, म्हणून पैसे मंजूर आहेत का, सही कोणाची, अडचण कोणती आणि यंत्र कधी हवंय, हे आधीच बघणं भाग होतं. मात्र हे सगळं तो समोर बसून विचारायचा. उत्तर अर्धवट वाटलं, तर पुन्हा जायचा.

नंतर गिऱ्हाईकच आपणहून चौकशी पाठवू लागलं. चौकशा शेकड्यांनी आल्या, तशी गुण देण्याची पद्धत रुळली. समोरासमोरच्या बोलण्याचे फॉर्मवरचे रकाने झाले आणि रिकाम्या रकान्याला शून्य मिळू लागलं. माझ्या मते गडबड इथेच झाली.

समजा, अंबडमधला एक कारखाना द्राक्षांसाठी प्रीकूलिंगच्या खोल्या बनवतो. प्रत्येक मुद्द्याला २५ गुण आणि ६० च्या वर असेल तरच फोन. सप्टेंबरात दिंडोरीच्या शेतकरी गटाची चौकशी येते: ‘जानेवारीत माल सुरू होईल, त्याआधी खोली हवी.’ गरज २५, वेळ २५. बजेट आणि अधिकाराचे रकाने कोरे. बेरीज ५०, फोन नाही. त्याच दिवशी एका कंपनीच्या ईमेलवरून चौकशी येते. बजेट लिहिलेलं, हुद्दा मॅनेजर, पण गरज मोघम आणि ‘पुढे बघू’. तिला २५, २५, १० आणि ५, म्हणजे ६५. आता ही कंपनी कदाचित नुसती भावांची तुलना करत असेल!

गटाचं बजेट कोरं असण्याचं कारण साधं आहे. बँकेचं कर्ज मंजूर व्हायचंय, आणि कर्जाशी जोडलेलं अनुदान तर काम झाल्यावर जमा होतं. निर्णयही एकाचा नसतो, संचालकांच्या बैठकीत होतो. वार्षिक बजेट आणि सहीचा एकच धनी हे आयबीएमच्या गिऱ्हाइकाचं चित्र इथे बसत नाही.

म्हणून ‘नाही’ आणि ‘अजून विचारलं नाही’ यांच्या खुणा वेगळ्या ठेवाव्या लागतात. गटाचे गुण मग १०० पैकी ५० नसून, कळलेल्या ५० पैकी ५० असतात. अर्थात ही चौकशी पक्की झाली असं नव्हे; फोन करून ‘कर्जाची फाइल कुठवर आली?’ आणि ‘बैठक कधी आहे?’ एवढं विचारायचं. फाइल अजून बँकेतच गेली नसेल, तर जानेवारी गाठणं अवघड, आणि वेळेचे २५ लगेच खाली आणावे लागतील.

गुणपद्धत चुकतेय का, हे ६० च्या वरच्या चौकशा पाहून कळत नाही, कारण फोन फक्त त्यांनाच गेलेले असतात. दर महिन्याला ६० च्या खालच्या पाच-दहा चौकशा चिठ्ठ्या टाकून उचलाव्यात आणि त्यांनाही फोन करावा. त्यांतूनही ऑर्डरी निघत असतील, तर ६० ची रेषा किंवा रकान्यांचं वजन बदलायला हवं.