व्यापारचक्राचे निर्देशक

अर्थव्यवस्था विस्तार, शिखर, आकुंचन आणि तळ या अवस्थांतून पुन्हा पुन्हा जाते, त्याला व्यापारचक्र म्हणतात. नाव चक्राचे असले तरी फेऱ्यांचा कालावधी ठरलेला नसतो, म्हणून आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे आकड्यांवरून ताडावे लागते. अर्थव्यवस्थेच्या आधी वळणारे आकडे अग्रगामी, तिच्याबरोबर वळणारे सहगामी आणि मागाहून वळणारे अनुगामी निर्देशक होत. अशा निर्देशकांची पहिली महत्त्वाची यादी वेस्ली मिचेल आणि आर्थर बर्न्स यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च (एनबीईआर) या संस्थेसाठी १९३८ मध्ये केली.

अमेरिकेतील २००७–०९ च्या मंदीत तिन्ही प्रकार स्पष्ट दिसतात. एनबीईआरच्या मते शिखर डिसेंबर २००७ मध्ये आले आणि तळ जून २००९ मध्ये. घरबांधणीचे परवाने मात्र २००६ पासूनच घटत होते. परवाना आधी निघतो, सिमेंट आणि मजूर नंतर लागतात. त्यामुळे परवाने आटले की पुढच्या महिन्यांचे काम आटणार हे कळते. शेअर बाजार ऑक्टोबर २००७ मध्ये उच्चांकावर होता आणि मार्च २००९ मध्ये, म्हणजे तळाच्या तीन महिने आधी, सावरू लागला. औद्योगिक उत्पादन हा सहगामी निर्देशक; ते मंदीबरोबर घसरले आणि त्याची घसरण तिच्याबरोबरच थांबली.

बेरोजगारीचा दर जून २००९ मध्ये ९.५ टक्के होता. मंदी तिथे संपली, तरी ऑक्टोबरमध्ये तो १० टक्क्यांवर गेला. मागणी वाढू लागली की मालक आधी आहेत त्याच कामगारांचे तास वाढवतात. मागणी टिकेल याची खात्री पटल्यावरच नवी भरती करतात. म्हणून कारखान्यातील कामाचे सरासरी साप्ताहिक तास अग्रगामी गटात मोडतात आणि बेरोजगारी, निदान तळाशी, अनुगामी ठरते. शिवाय हताश होऊन घरी बसलेले लोक पुन्हा नोकरी शोधू लागले की त्यांचीही गणना बेरोजगारांत होते. मंदी सरली असे अर्थतज्ज्ञ सांगतात तेव्हा नोकरी गेलेल्याला ते पटत नाही, याचे हे साधे कारण.

अनुगामी निर्देशक त्यामुळे निरुपयोगी ठरत नाहीत. अग्रगामी आकड्यांनी दिलेली वर्दी खरी होती की नाही, हे त्यांच्यावरून पडताळता येते. वेळ मात्र लागतो: डिसेंबर २००७ चे शिखर एनबीईआरने डिसेंबर २००८ मध्ये जाहीर केले, तर जून २००९ चा तळ सप्टेंबर २०१० मध्ये.

अग्रगामी निर्देशक खोटी हाकही देतात. २०२२ मध्ये अमेरिकी सरकारी रोख्यांवरील अल्पमुदतीचा परतावा दीर्घमुदतीच्या वर गेला. हे मंदीचे जुने, बहुधा खरे ठरणारे लक्षण. कॉन्फरन्स बोर्ड या संस्थेचा दहा घटकांचा अग्रगामी निर्देशांकही घसरत होता. तरी २०२३ मध्ये मंदी आली नाही. त्या निर्देशांकात कारखान्यांच्या मागणीला मोठे स्थान आहे, आणि कोविडनंतर लोकांचा खर्च वस्तूंकडून प्रवास, हॉटेले अशा सेवांकडे वळला होता.