दहाचे वीस झाले, पण ऊब दुप्पट नाही झाली

जानेवारीत नागपुरात पहाटेचा पारा १० अंशांपर्यंत उतरला होता. आठवड्याभरात तो २० वर गेला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर मेसेज आला : 'ऊब दुप्पट!' हेच आकडे फॅरनहाइटमध्ये मांडले तर ५० आणि ६८ होतात. हवा तीच, पण वाढ दीडपटही नाही.

गंमत म्हणजे १७४२ साली सेल्सिअसने पट्टी आखली तेव्हा पाणी उकळतं तिथे शून्य होतं आणि बर्फ वितळतो तिथे १००. त्या पट्टीवर आपले १० म्हणजे ९० आणि २० म्हणजे ८०. ऊब वाढली की आकडा घटणार! शून्य माणसाने सोयीने ठेवलेलं असेल, तर 'किती पट' या प्रश्नाला अर्थच उरत नाही. फरकाचं तसं नाही. बादलीभर पाणी १० वरून ३० पर्यंत तापवायला १० वरून २० पर्यंतच्या दुप्पट उष्णता लागते, कारण वजाबाकीत ते शून्य निघून जातं.

मग खरं शून्य कुठे आहे? ते वायूने दाखवलं. बंद डब्यातली हवा थंड करत गेलं की रेणूंची धावपळ मंदावते आणि दाब सरळ रेषेत उतरतो. ती रेषा तशीच पुढे ओढली की उणे २७३ अंशांपाशी दाब शून्यावर येतो. (प्रत्यक्षात हवा त्याआधीच द्रव होते, रेषा कागदावरच पुढे जाते.) तिथून मोजायचं ते केल्विन. आपले १० म्हणजे २८३ आणि २० म्हणजे २९३. वाढ जेमतेम साडेतीन टक्के. १० अंशांची खरी दुप्पट हवी तर २९३ सेल्सिअस गाठावं लागेल. कथील त्याच्या बरंच आधी, २३२ ला वितळतं.

हे टायरमध्ये पाहता येतं. समजा, थंडीत १० अंशांवर ३२ पीएसआय हवा भरली आणि ती मेपर्यंत जराही गळली नाही. पारा ४५ वर. 'साडेचारपट' म्हणणाऱ्याच्या हिशेबाने काटा १४४ वर जायला हवा, म्हणजे स्फोटच! केल्विनने ३१८ भागिले २८३, म्हणजे १.१२ पट. पण ३२ ला १.१२ ने गुणलं की ३६ येतात, आणि इथेच माझाही हिशेब एकदा चुकला होता. पंपाच्या काट्याचं शून्यही सोयीचंच आहे : तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त एवढंच दाखवतो. नागपुरात बाहेरची हवा साधारण १४ पीएसआय. ते मिळवून ४६, गुणून जवळपास ५२, पुन्हा १४ वजा केले की काट्यावर दिसतात सुमारे ३८.

पंक्चरवाल्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "भाऊ, अन् नवतपात? तेव्हा तर सूर्य जवळ येते ना!" येत नाही. नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. तेव्हा पृथ्वी सूर्यापासून लांबच जात असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब असते. पण दाबाबद्दल तो पुढे जे म्हणाला ते बरोबर होतं : गाडी धावून तापली की काटा चढलेला दिसतो, म्हणून हवा गार टायरवरच मोजायची.