पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिन: मुलाच्या तापात ‘कोणतीही एक’ चालत नाही

जळगावपासून नंदुरबारपर्यंत कुठल्याही किराणा दुकानात "पोऱ्याले ताप शे" म्हटलं की बरणीतून एक सुटी गोळी हातात पडते. ती पॅरासिटामॉल आहे की ॲस्पिरिन, हे देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. सुटी गोळी मुलाला देणं मला मुळीच मान्य नाही, कारण पाकीटच नसल्यावर नाव वाचणार कुठे?

पॅरासिटामॉल तुमच्या ओळखीचं आहे. वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. २० किलोच्या मुलाला ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप ५ मिली पुरतं. एवढं पुरे.

ॲस्पिरिनही ताप उतरवतं आणि अंगदुखीही थांबवतं. घोळ इथूनच सुरू होतो. "दिली होती, ताप उतरला, काही झालं नाही" असं लोक सांगतात. पण ॲस्पिरिनचा धोका तापाच्या दिवशी दिसतच नाही. तो दिसतो ताप गेल्यावर, मूल बरं होत असताना.

समजा, अमळनेरकडचा आठ वर्षांचा मुलगा आहे. अंगावर कांजण्या उठल्या, ताप चढला. घरच्यांनी दोन-तीन दिवस ॲस्पिरिन दिलं. ताप गेला, फोडांवर खपल्या धरू लागल्या, पोरगं खेळायला लागलं. पाचव्या दिवशी सकाळी त्याला उलटी झाली, मग पुन्हा आणि पुन्हा. पोटात काही नसतानाही उलट्या थांबेनात. जुलाब नाहीत, ताप नाही. घरात कोणी पित्त म्हणालं, कोणी ऊन लागलं म्हणालं, लिंबू-सरबत दिलं गेलं. दुपारी तो सुस्त पडला. संध्याकाळी असंबद्ध बोलू लागला, आईला ओळखेना, धरायला गेलं तर हातपाय झाडू लागला. आता ‘बाहेरचं’ बघायला कुणाकडे नेलं, तर हातातले तास जातात.

याला रे सिंड्रोम म्हणतात. सिडनीचे डॉक्टर डग्लस रे यांनी १९६३ मध्ये त्याचं वर्णन केलं. फ्लू किंवा कांजण्यांसारख्या विषाणूच्या आजारात ॲस्पिरिन पडलं की क्वचित एखाद्या मुलाच्या यकृतपेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बिघडते. यकृतात चरबी साठते, रक्तात अमोनिया वाढतो, साखर घसरू शकते आणि मेंदूला सूज येते. डोळे सहसा पिवळे होत नाहीत, म्हणून यकृताकडे कुणाचं लक्ष जात नाही. रक्ततपासणीत एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स आणि अमोनिया वाढलेले सापडतात. यावर उतारा असं औषध नाही. अतिदक्षता विभागात ग्लुकोज देऊन आणि मेंदूची सूज उतरवून मुलाला सावरावं लागतं. अगदी लहान बाळात उलट्यांऐवजी जुलाब आणि जोरजोरात श्वास दिसू शकतो. दवाखान्यात गेल्यावर ‘ॲस्पिरिन दिलं होतं’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

हा आजार दुर्मीळच आहे. अमेरिकेत १९८० मध्ये ५५५ रुग्णांची नोंद झाली. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका असे इशारे सुरू झाल्यावर, १९८७ पासून पुढच्या दहा वर्षांत कोणत्याही वर्षी हा आकडा ३६ च्या वर गेला नाही. त्याच कामाला पॅरासिटामॉल असताना हा धोका घेण्याचं कारणच उरत नाही. पावसाळ्यानंतरचा ताप डेंग्यूचा निघाला तर आणखी एक अडचण येते: ॲस्पिरिनने बिघडलेल्या प्लेटलेट पुन्हा कामाच्या होत नाहीत, रक्तस्राव वाढतो.

"मग आमच्या भाच्याला मोठ्या डॉक्टरांनी ॲस्पिरिनच दिलं की!" हा प्रश्न रास्त आहे. बहुधा त्याला कावासाकी आजार असेल. यात पाच किंवा जास्त दिवस ताप, लाल डोळे, लाल फुटलेले ओठ, पुरळ अशी लक्षणं दिसतात आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सुजून फुगू शकतात. मुख्य उपचार शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनचा असतो. ताप गेल्यावर ॲस्पिरिन अगदी कमी, किलोला रोज ३ ते ५ मिलिग्रॅम, धमनीत गुठळी होऊ नये म्हणून साधारण सहा ते आठ आठवडे देतात आणि इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून धमन्यांवर लक्ष ठेवतात. धमनी फुगलेली राहिली तर जास्त काळही. संधिवाताच्या तापात किंवा हृदयाच्या काही शस्त्रक्रियांनंतरही तज्ज्ञ ते देतात. पण तो निर्णय तज्ज्ञांचा असतो, म्हणून आजोबांची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी ‘कमी ताकदीची’ समजून नातवाला तापात देऊ नका.

असं ॲस्पिरिन चालू असलेल्या मुलाला फ्लूची लस डॉक्टरांना विचारून जरूर द्यावी. घरात किंवा वर्गात कुणाला कांजण्या किंवा फ्लू झाला, तर त्याच दिवशी तज्ज्ञांना फोन करा. गोळी थांबवायची की बदलायची हे ते ठरवतील, मनाने बंद करू नका. ताप आला तर त्यांना न विचारता आयब्युप्रोफेनही देऊ नका, त्याने ॲस्पिरिनचा गुठळी रोखण्याचा गुण कमी होतो.