उल्हास 17.50 ला पोचली, पण म्हणजे पाणी नेमकं किती? रेटिंग कर्व्हची जुनी गोष्ट

पावसाळ्यात बदलापूर-कल्याणकडच्या प्रत्येक ग्रुपवर एक आकडा फिरतो, उल्हास इशारा पातळीला आली, 16.50, मग धोका पातळी 17.50. हा आकडा मीटरमधली उंची आहे, पाण्याचं प्रमाण नाही. खाली किती पाणी चाललंय, पुलाखालून किती जाईल, सखल भागात कधी भरेल, हे काढायला दर सेकंदाला किती घनमीटर वाहतंय ते लागतं, त्याला आपल्याकडे इंजिनियर लोक क्युमेक म्हणतात. आणि ते नदीवर सतत मोजता येत नाही. उंची मात्र मोजता येते, पट्टी लावून किंवा आता रडारने. म्हणून आधी दोन्ही एकत्र बऱ्याचदा मोजायचं, कागदावर ठिपके टाकायचे, त्यातून रेघ काढायची, मग पुढे नुसत्या उंचीवरून पाणी वाचायचं. ही रेघ म्हणजे रेटिंग कर्व्ह.

पाण्याच्या वेगाचं गणित तसं जुनं आहे. 1770 च्या आसपास पॅरिसला पाणी आणायच्या कालव्यासाठी आंत्वान शेझीने वेग, उतार आणि खोली यांचा संबंध लावला, की वेग हा खोली आणि उताराच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, पण त्याचं हे काम कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच नव्हतं. मग 1889 मध्ये आयर्लंडच्या रॉबर्ट मॅनिंगने त्यात तळाचा खडबडीतपणा बसवला, तेच सूत्र आजही सगळीकडे चालतं. प्रत्यक्ष मोजायला आधी फ्लोट होता, म्हणजे लाकडाचा तुकडा सोडायचा आणि घड्याळ बघायचं. 1882 मध्ये अमेरिकेत विल्यम प्राइसने वाटीवाला करंट मीटर बनवला, उभ्या दांड्यावर वाट्या फिरतात आणि फेरे मोजून वेग कळतो. 1889 ला न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदेवर एम्बुडोला अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाचं पहिलं गेज स्टेशन, म्हणजे नदीची पातळी आणि पाणी मोजायची कायमची जागा, सुरू झालं. आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाची मुळं 1945 ची, आणि पुराचा अंदाज द्यायला त्यांनी 1958 मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेवरून सुरुवात केली.

कामाची पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. नदीचा आडवा छेद वीसेक पट्ट्यांत वाटायचा, प्रत्येक पट्टीत पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 वर (खोल असेल तर 0.2 आणि 0.8 वर, मग सरासरी) वेग घ्यायचा, क्षेत्रफळाने गुणायचं, बेरीज करायची. एका मोजणीचा एक ठिपका. ठिपके लॉग कागदावर टाकले की साधारण सरळ रेघ येते:

`Q = C (H - H0)^b`

Q म्हणजे पाणी, H म्हणजे पट्टीवरची उंची, C आणि b हे ठिपक्यांवरून निघणारे आकडे, आणि H0 म्हणजे ज्या उंचीला वाहणं बंद होतं ती. ती चुकली की खालचा भाग वाकतो, हे लगेच दिसतं.

घोळ वरच्या टोकाला आहे. मोठा पूर म्हटलं की पाणी घाटातून येतं, रात्री येतं, झाडंझुडपं घेऊन येतं, त्यात बोट घालून मीटर कोण उतरवणार. म्हणजे ज्या पुरासाठी एवढा खटाटोप, त्याचाच ठिपका नसतो. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी काढावे लागले, अशा दिवशी नदीवर मोजणीला जाणं जवळपास अशक्यच असतं. मग रेघ पुढे ओढायची, पण कशी?

1907 मध्ये जे. सी. स्टीव्हन्सने एक हुशार उत्तर दिलं. तो म्हणाला उतार आणि खडबडीतपणा मोठ्या पाण्याला फारसे बदलत नसतील तर शेझीच्या सूत्रातला तो सगळा भाग एक आकडा धरा, आणि पाणी हे A√D च्या प्रमाणात वाढतं असं माना. A म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ, D म्हणजे सरासरी खोली, आणि ही दोन्ही पूर नसतानाही मोजता येतात, उन्हाळ्यात लेव्हल घेऊन नदीपात्राचा सर्व्हे केला की झालं! पुरात जावंच लागत नाही.

आता एक समजा गेज घेऊ, आकडे कल्पित. पात्र 90 मीटर रुंद, मोजणीत खोली 2 ला 243 क्युमेक, 3 ला 459, 4 ला 720. A√D काढला तर 255, 468 आणि 720, म्हणजे पाणी भागिले A√D साधारण 0.95 ते 1. छान, सरळ रेघ. काठ 5 मीटरला भरतो, तिथे A√D 1006, म्हणजे हजारेक क्युमेक. त्याच्या वर डाव्या बाजूला 300 मीटर भातशेती आहे आणि पाणी तिच्यात पसरतं.

सगळ्यांची फसगत इथेच होते. पाणी 5.3 ला गेलं तर मुख्य पात्र 477 चौ.मी., शेत 90, एकूण 567, पण रुंदी अचानक 390 झाली म्हणून सरासरी खोली दीड मीटरच्या आत येते आणि A√D निघतो 684. म्हणजे पाणी तीस सेंटीमीटर चढलं आणि प्रवाह 1006 वरून 684 वर उतरला, असं कुठे होतं का? हा आकडा दिसला की समजायचं दोन वेगळी पाणी एका हिशोबात कोंबलीत. उपाय सोपा आहे, पात्र वेगळं शेत वेगळं काढायचं. पात्राचे 1098, शेताचे 49, पण शेतात बांध, झुडपं, कुंपणं म्हणून खडबडीतपणा दुप्पट धरून निम्मे, बेरीज 1120 च्या आसपास. तसंच 7 मीटरला पात्राचे 1667 आणि शेताचे 424, एकूण 2090. एकत्र धरलं असतं तर 2180, आणि शेताचा विचारच न करता लॉग रेघ सरळ वर ओढली तर 1730. तीन उत्तरं, सगळ्यांमागे तेच ठिपके! माझ्या मते वेगळं काढलेलंच धरावं, पण त्यातसुद्धा शेताचा निम्मा आकडा हा अंदाजच आहे आणि 720 पर्यंतच मोजलेल्या गेजवर 2090 म्हणजे जवळजवळ तिप्पट, हे रिपोर्टमध्ये लिहिलंच पाहिजे. मोजलेल्या सर्वात मोठ्या पाण्याच्या दुपटीपुढे नुसत्या रेघेवर भरवसा ठेवू नये, असं बरेच जुने जाणकार सांगतात.

दुपटीपुढे जायचंच असेल तर पूर ओसरल्यावर खुणा शोधतात. भिंतीवरची चिखलाची रेघ, झाडात अडकलेलं प्लास्टिक, गवत. दोन-तीन ठिकाणी त्या खुणांची उंची लेव्हलने घेतली की पाण्याचा उतार मिळतो, मग छेद आणि मॅनिंग वापरून पाणी निघतं, याला स्लोप-एरिया म्हणतात. निघालेला ठिपका ओढलेल्या रेघेवर बसतो का ते बघायचं. खुणा लवकर घ्याव्या लागतात, कारण पुढच्या सरीत सगळं धुतलं जातं, आणि लाटेने उडालेला चिखल खऱ्या पातळीच्या वर लागतो, म्हणून एका ठिकाणी तीन-चार खुणा जुळतात का ते बघायचं.

बाकी दोन गोष्टी. एक, कल्याणच्या खाडीसारख्या भरतीच्या जागी हे चालतच नाही, तिथे उंची समुद्र ठरवतो, नदी नाही, म्हणून गेज वरच्या बाजूला लागतं. दोन, पाणी चढताना त्याच उंचीला उतरतानापेक्षा जास्त वाहतं कारण लाटेचा पुढचा उतार जास्त असतो, 1916 पासून त्याला जोन्सचं सूत्र आहे, आणि घाटाखालच्या नद्या पटकन चढतात त्यामुळे फरक जाणवू शकतो.

आता रडार गन आल्यात, पुलावरूनच पृष्ठभागाचा वेग मिळतो, तो 0.85 च्या आसपासच्या आकड्याने गुणला की सरासरी वेग येतो. माणूस पाण्यात उतरत नाही हे फार बरं. पण क्षेत्रफळ मात्र जुन्याच छेदाचं धरलं जातं, आणि पुरात तळाची वाळू वाहून गेली असेल तर ते कमी धरलं जातं, म्हणून पूर गेला की तळाचा सर्व्हे परत करावा लागतो.