फास्टिंग शुगर आणि सकाळचं ब्रश, च्युइंगम, सिगारेट, वॉक

फास्टिंग शुगर म्हणजे अनशापोटी दिलेल्या रक्तातली साखर. त्यासाठी निदान 8 तास पोटात काही कॅलरी गेलेली नसावी लागते, साधं पाणी चालतं. युरोपातल्या लॅब तज्ज्ञांच्या 2018 च्या शिफारशीत हा वेळ 12 तास दिलाय, आणि लॅबवालेही बहुतेकदा रात्री आठ-नऊनंतर काही खाऊ नका असं सांगतात. रिपोर्टवर 100 च्या आत नॉर्मल, 100 ते 125 प्रीडायबेटीस, 126 किंवा वर डायबेटीस, पण तोही एका रिपोर्टवर ठरवत नाहीत, लक्षणं नसतील तर दुसऱ्या टेस्टने खात्री करतात. आकडे सगळे एका डेसीलिटरला इतके मिलिग्रॅम असे.

लोकांना सगळ्यात जास्त प्रश्न पडतो तो ब्रशचा, रक्त देण्याआधी केला तर चालतो का, आणि त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे, ब्रश करा. टूथपेस्टमधला गोडवा साखरेचा नसतो, सॉर्बिटॉल आणि सॅकरिनचा असतो. शुगर मोजायच्या लॅबमधल्या नेहमीच्या पद्धती फक्त ग्लुकोज ओळखतात, त्यात सॉर्बिटॉल ग्लुकोज म्हणून धरलं जात नाही. शिवाय ब्रशवर घेतलेली पेस्ट एक ग्रॅमच्या आसपास, त्यातलं बहुतेक बेसिनमध्ये थुंकलं जातं, चुकून गिळलं गेलं तरी ते किंचित असतं. चूळ भरायची, संपलं.

पण आपल्याकडे दात घासणं म्हणजे फक्त पेस्ट नाही, आणि खरी अडचण इथे आहे. गावाकडे, आणि शहरातही वयस्कर बायकांमध्ये, मशेरी लावतात, कुणी मिश्री म्हणतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पूड करून डबीत ठेवायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना चोळत बसायचं, दहा-पंधरा मिनिटं तरी. नाव दात घासण्याचं, पण काम तंबाखूचं, कारण भाजली तरी निकोटिन उरतंच आणि ते हिरडीतून थेट रक्तात जातं. लॅबमधला मुलगा विचारतो "काही खाल्लंय का?", मावशी म्हणतात "नाही रे बाबा, नुसते दात घासलेत", दोघंही खरं बोलतायत आणि तरी महत्त्वाची गोष्ट राहून गेली. रक्त काढताना एकच प्रश्न वाढवला तर हे सुटतं, "मशेरी, तंबाखू, विडी काही घेतलीय का?" रिपोर्टकडे बघून हे नंतर कुणालाच कळत नाही, नळीतलं रक्त तसंच दिसतं.

निकोटिनने शुगर का वाढते, तर ते अ‍ॅड्रेनलिन सोडायला लावतं आणि अ‍ॅड्रेनलिन लिव्हरला सांगतं साठवलेली साखर बाहेर काढ. पोटात काही न जाता साखर वाढते ती अशी. एका सिगारेटनंतर दहाएक मिनिटांत शुगर जास्तीत जास्त 10 ने वर जाऊ शकते आणि तासभर तशी राहू शकते. त्याच वेळी चरबीही मोकळी होते आणि कॉर्टिसोल हे ताणाचं हॉर्मोन वाढतं, म्हणून कॉर्टिसोलची टेस्ट असेल तर तीही बिघडते. त्यामुळे सिगारेट, विडी, मशेरी, गुटखा, तंबाखू-चुना हे सगळं सॅम्पल होईपर्यंत बंद.

आता हे आकड्यात बघू. समजा मावशींची खरी फास्टिंग 119 आहे, साडेसहाला मशेरी लावली, पावणेसातला लॅबमध्ये रक्त दिलं आणि निकोटिनने 8 वाढवले, तर रिपोर्टवर 127 येतात आणि घरात मधुमेहाची चर्चा सुरू होते. तेच 8 एखाद्याच्या 88 मध्ये मिळाले तर 96, कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणजे चूक तेवढीच, पण ती हद्दीवरच्या माणसाला भोवते. अशा वेळी मशेरीशिवाय परत फास्टिंग द्यायची आणि सोबत एचबीए1सी करून घ्यायची, कारण तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, एका सकाळच्या तंबाखूने किंवा वॉकने ती हलत नाही.

च्युइंगमचं थोडं वेगळं. साखरवाल्या गमच्या एका पट्टीत दोनेक ग्रॅम साखर धरा. कमी वाटते, पण शुगर 100 असलेल्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज पाचएक ग्रॅमच असतं, एक चमचाभर, त्यामुळे ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. शुगर-फ्री गममध्ये साखर नाही हे बरोबर, पण चावायला लागलं की पोटाला वाटतं जेवण येतंय, लाळ सुटते, अ‍ॅसिड सुटतं आणि थोडं इन्सुलिनही सुटू शकतं. नुसत्या शुगरमध्ये याने मोठा फरक पडणार नाही, पण फास्टिंग इन्सुलिन करायचं असेल तर तेच बिघडायचं. तोंडाला वास येतो म्हणून गम चघळत लॅबमध्ये येणारे बरेच असतात, त्यांनी ब्रश करून यावं, पुरतं. आणि उपासाच्या दिवशी सॅम्पल द्यायला येणाऱ्यांसाठी एवढंच, उपासाला चालणारा चहा अनशापोटी चालत नाही.

वॉकचं उत्तर माणसागणिक बदलतं. रोजच्या सवयीचं निवांत चालणं असेल तर धडधाकट माणसात स्नायू जेवढी साखर ओढतात जवळपास तेवढी लिव्हर सोडतं, आकडा फारसा हलत नाही. मधुमेही माणूस 40 मिनिटं चालून आला तर मात्र शुगर खाली आलेली असू शकते, मग रिपोर्ट बघून डॉक्टरांना वाटणार गोळी बरोबर चाललीय. उलट टेकडी पळत चढली, जिममध्ये जोर लावला, तर अ‍ॅड्रेनलिनमुळे शुगर वर जाते, पांढऱ्या पेशी वाढतात, आणि स्नायूंवर ताण पडला असेल तर सीपीके हे स्नायूंमधलं एन्झाइम रक्तात नंतर काही दिवस वाढलेलं राहतं. म्हणून आदल्या दिवसापासून जोराचा व्यायाम नको, सकाळचा वॉक सॅम्पलनंतर करा, आणि लॅब तिसऱ्या मजल्यावर असेल तर जिने चढून गेल्या गेल्या हात पुढे करू नका, पंधरा मिनिटं खुर्चीत बसा. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी अनशापोटी लांब चालायला जाऊच नये, वाटेत घाम फुटून हातपाय थरथरायला लागले तर ती शुगर उतरल्याची खूण आहे, तेव्हा सॅम्पलचा विचार सोडून आधी साखर तोंडात टाकायची.

वॉकची आणखी एक चूक फास्टिंगनंतर होते. बरेच जण फास्टिंग देऊन नाश्ता करतात आणि पीपीला, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या शुगरला, दोन तास आहेत म्हणून बागेत चकरा मारत बसतात. जेवणानंतरच्या चालण्याने साखर खरंच उतरते, त्यामुळे पीपी जेवढी यायला हवी त्यापेक्षा कमी येते आणि फास्टिंग 118, पीपी 121 असली विचित्र जोडी रिपोर्टवर दिसते. पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून धरायचे आणि रोज जसे बसता-वावरता तसेच काढायचे, एरवी नाश्त्यानंतर चालत नसाल तर त्या दिवशीही नाही.